नऊ ब्लोहोल आणि एक पत्र

ब्लोहोल बाहेरून दिसत नाही. कास्टिंग ट्रकमधून उतरतं तेव्हा साफ केलेलं, करड्या रंगाचं, अगदी देखणं असतं. वजन बरोबर भरतं, व्हर्नियर लावला तर मापंही बसतात. गेटवर इनवर्डचा शिक्का पडतो आणि माल रॅकवर जातो. चार-पाच दिवसांनी तोच नग लेथवर चढतो, बोअरमधून टूल फिरतं आणि आतल्या भिंतीवर वाटाण्याएवढा खळगा उघडा पडतो. कडा गोल, आतून चकचकीत. ओतकामाच्या वेळी वाळूतल्या ओलाव्याची वाफ किंवा कोअरमधल्या बाइंडरचा वायू बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की तो धातूतच अडकतो आणि धातू त्याच्याभोवती थिजतो. ही पोकळी फाउंड्रीतून निघालेल्या माणसाला दिसत नाही आणि माल उतरवून घेणाऱ्यालाही दिसत नाही. ती दिसते ती थेट मशिनिंग करणाऱ्याला, तेही स्वतःची मजुरी खर्च झाल्यावर.

तोवर फाउंड्रीचं बिल अकाउंट्सच्या टेबलावर आलेलं असतं. आता पुरवठादाराला कळवायचं असतं, की या मालाचे पैसे बदली माल येईपर्यंत देणार नाही. कळवायचं कसं, इथे मात्र बहुतेकांची गाडी अडते. काही जण रागाच्या भरात असं लिहितात की पंधरा वर्षांचा व्यवहार तिथेच संपतो. काही जण संकोचाने काहीच लिहीत नाहीत, नुसतं बिल दाबून ठेवतात आणि फोन आला की ‘बघतो, सांगतो’ म्हणतात. दोन्हींत दुसरा प्रकार जास्त दिसतो, आणि पैशाच्या हिशेबाने तोच जास्त महागात पडतो.

एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. भोसरीतलं एक छोटं वर्कशॉप कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीकडून बेअरिंग हाउसिंगची कास्टिंग घेतं. यावेळची ऑर्डर ४०० नगांची, दर नगाला ६०० रुपये. बिल २,४०,००० रुपयांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी ४३,२०० रुपये, म्हणजे एकूण २,८३,२०० रुपये. पीओमध्ये पेमेंटची मुदत ३० दिवस. माल ३ जूनला आला, म्हणजे पैसे ३ जुलैपर्यंत द्यायचे. ८ जूनपर्यंत ६० नग मशिन झाले आणि त्यांतल्या ९ नगांत ब्लोहोल निघाले.

इथे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘साठात नऊ खराब म्हणजे सगळा लॉटच भंकस, अख्खं बिल रोखा.’ पण भट्टीतला धातू एका वितळणीत जेवढा तयार होतो त्याला हीट म्हणतात, आणि नीट चालणाऱ्या फाउंड्रीत प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर उमटवलेला असतो. वर्कशॉपच्या सुपरवायझरने नऊ नग टेबलावर मांडले आणि नंबर पाहिले, तर सगळे हीट १८ चे. चारशेपैकी २६० नग हीट १७ चे होते आणि १४० हीट १८ चे. मशिन झालेल्या साठांत हीट १७ चे ४० होते, ते सगळे चांगले. हीट १८ चे २० होते, त्यांत ९ खराब, ११ चांगले.

म्हणजे तक्रार ४०० नगांची राहिली नाही. ९ नग उघड खराब आहेत आणि त्याच हीटचे न उघडलेले १२० नग संशयित आहेत. एकूण १२९. त्यांची किंमत ७७,४०० रुपये, वर जीएसटी १३,९३२ रुपये. उरलेले २७१ नग चांगले किंवा चांगले मानायला हरकत नसलेले, त्यांची करासह रक्कम १,९१,८६८ रुपये. अख्खं बिल रोखण्याच्या विचारापासून साडेसत्त्याहत्तर हजारांच्या आत येणं, यातच भांडणाचा बराचसा दारूगोळा निकामी होतो. फाउंड्रीवाल्यालाही आपल्या हीट रजिस्टरमध्ये त्या दिवशी कोणती वाळू आली, कोणते कोअर वापरले, भट्टी कितीला होती हे पाहता येतं. ‘तुमचा माल खराब आहे’ म्हटल्यावर तो काय पाहणार?

मऊपणा शब्दांत नंतर येतो, आधी तो आकड्यांत यावा लागतो. गोड भाषेत लिहिलेलं पत्रसुद्धा खराब नऊ नगांसाठी चारशे नगांचे पैसे अडवत असेल, तर समोरच्याला ते अडवणूकच वाटणार.

हीट १७ चे २२० नग अजून उघडलेले नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. पेमेंट ३ जुलैला असलं तरी हे नग मशिन करून पाहायची घाई १८ जूनच्या आत करायला हवी. ही १८ तारीख कुठून आली, ते कायद्यात आहे.

पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, आणि कोल्हापूरच्या बऱ्याच फाउंड्री तशा आहेत, तर २००६ चा एमएसएमई विकास कायदा लागू होतो. त्यानुसार पेमेंटची मुदत माल ‘स्वीकारल्या’च्या दिवसापासून मोजतात. लेखी करार असेल तर त्यातली मुदत, पण कितीही झालं तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही. करार नसेल तर १५ दिवस. आता स्वीकारल्याचा दिवस कोणता? माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा धरला जातो. लेखी हरकत घेतली, तर पुरवठादार ती हरकत दूर करेल तो दिवस स्वीकृतीचा. फोनवर ‘अहो, ब्लोहोल निघालेत’ असं दहा वेळा सांगितलं तरी त्याला कायद्याच्या लेखी हरकतीचं वजन नाही.

पैसे नुसते दाबून ठेवणाऱ्याचं नुकसान इथेच होतं. १५ दिवस गेले, कागद काहीच नाही, आणि दोन महिन्यांनी फाउंड्रीवाल्याने फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज केला, तर खरेदीदाराकडे दाखवायला काही नसतं. थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज लागू शकतं. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात एक कलम आणलं, व्यापारी मंडळी त्याला ‘त्रेचाळीस बी एच’ म्हणून ओळखतात. त्यामुळे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरता येते. तेव्हा मार्चअखेर सीए पहिला प्रश्न विचारतो तो हाच: ‘हे बिल का थकलंय? हरकतीचं पत्र आहे का?’

जुना कायदाही मदतीला आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे खरेदीदाराला माल तपासायची वाजवी संधी मिळायला हवी, आणि माल नाकारायचा असेल तर तो विक्रेत्याकडे पोचवून देण्याची सक्ती त्याच्यावर नाही, नाकारतो आहे हे कळवलं की पुरे. पण नाकारलेल्या मालाशी मालकासारखं वागलं, तर तो स्वीकारला असंच धरलं जाऊ शकतं. म्हणून हीट १८ चे उरलेले १२० नग कोणाला न विचारता धडाधड मशिन करत सुटणं धोक्याचं. ते वेगळे काढायचे, लाल टॅग लावायचा आणि झाकून ठेवायचे.

लिहिण्याआधी एक फोन मात्र करावाच. पत्र अचानक मेलवर येऊन पडलं तर ते नोटीस वाटतं. फोननंतर आलं तर बोललेल्याची नोंद वाटते. फोन साधा असावा: ‘नमस्कार दादा, माल वेळेवर आला. एक अडचण सांगायची होती. अठरा नंबरच्या हीटमध्ये बोअरला ब्लोहोल निघतायत, वीसात नऊ. सतराची हीट एकदम चांगली आहे. फोटो पाठवतो, आणि रेकॉर्डसाठी एक मेल पण करतो, म्हणजे तुमच्या माणसाला बघायला सोपं.’ पलीकडून बहुधा ‘फोटो टाका की, बघतो. माणूस पाठवू का?’ असंच येतं. फाउंड्रीवाल्याला ब्लोहोल काही नवं नसतं. त्याला राग येतो तो गिऱ्हाइकाने आधी पैसे अडवले आणि कारण नंतर सांगितलं तर.

फोनवर पैशांचा विषय काढावा का, यावर मतं वेगवेगळी आहेत. अनुभवी खरेदी अधिकारी एवढंच सांगतात, की ‘तेवढ्या नगांचं पेमेंट मात्र बदली आल्यावर करतो, बाकीचं तारखेला होईल’, आणि त्यावर वाद घालत बसत नाहीत. ते बरोबर वाटतं. पैशांची बातमी पहिल्यांदा कागदावर वाचायला लागणं कोणालाच आवडत नाही.

मग त्याच दिवशी मेल. पीओवर पुरवठादाराचा जो मेल पत्ता आहे त्यावर, आणि त्याची प्रत व्हॉट्सॲपवर. मजकूर साधारण असा:

विषय: पीओ क्र. ११२, बिल क्र. ३४६, हीट १८ मधील बेअरिंग हाउसिंग बदलून मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

आज फोनवर बोलल्याप्रमाणे हे पत्र पाठवत आहोत. वरील बिलातील ४०० बेअरिंग हाउसिंग ३ जूनला वेळेवर पोचली. संख्या आणि बाहेरची मापे बरोबर आहेत.

आतापर्यंत ६० नगांचे मशिनिंग झाले. हीट १७ चे ४० नग चांगले आले. हीट १८ च्या २० नगांपैकी ९ नगांच्या बोअरमध्ये ब्लोहोल आढळले. फोटो व नगवार नोंद सोबत जोडली आहे. हे ९ नग आम्हाला स्वीकारता येत नाहीत. याच हीटचे मशिनिंग न झालेले १२० नग वेगळे ठेवले आहेत आणि त्यांच्या स्वीकृतीबाबतही या पत्राने हरकत नोंदवत आहोत.

उरलेल्या २७१ नगांची करासह रक्कम १,९१,८६८ रुपये ठरल्याप्रमाणे ३ जुलैपर्यंत जमा होईल. वरील १२९ नगांवरचा जीएसटी १३,९३२ रुपयेही त्याच वेळी देऊ. या १२९ नगांची मूळ किंमत ७७,४०० रुपये मात्र बदली नग येऊन तपासले जाईपर्यंत थांबवून ठेवत आहोत. बदली माल आल्यावर पाच दिवसांत तपासणी करू आणि जेवढे नग पास होतील तेवढ्यांची रक्कम त्यानंतर सात दिवसांत देऊ.

आपला माणूस पाहायला येणार असल्यास १२ ते १४ जून आम्हाला सोयीचे आहे. तोवर नग आहेत तसेच ठेवू. १२० पैकी काही नग त्यांच्यासमोर मशिन करून पाहायलाही आमची तयारी आहे. पुढच्या असेंब्लीसाठी बदली नग २५ जूनपर्यंत हवे आहेत. ही तारीख जमेल का, ते ११ जूनपर्यंत कळवावे, ही विनंती.

हा विषय या हीटपुरताच आहे. आपली इतर बिले नेहमीप्रमाणे चालू राहतील.

एवढंच पत्र. यात ‘निकृष्ट’ नाही, ‘हलगर्जीपणा’ नाही, ‘विश्वासाला तडा’ नाही, ‘अन्यथा कायदेशीर कारवाई’ तर नाहीच. पण नेभळटपणाही नाही. ‘स्वीकारता येत नाहीत’ आणि ‘हरकत नोंदवत आहोत’ ही दोन वाक्यं सौम्य असली तरी पक्की आहेत. हीच वाक्यं ‘जरा बघावे’, ‘योग्य तो विचार व्हावा’ अशी पातळ केली, तर १५ दिवसांच्या लेखी हरकतीचा पुरावा म्हणून त्या पत्राचा उपयोग उरत नाही.

पैसे थांबवणारं वाक्य कुठे बसवलं आहे तेही पाहण्यासारखं आहे. त्याच्या आधी दोन रकमा येतात, दोन्ही मिळणाऱ्या. त्याच्या लगेच मागे थांबवलेली रक्कम सुटायची रीत येते. वाचणारा फाउंड्रीचा मालक असो की त्याचा अकाउंटंट, त्याला एका परिच्छेदात कळतं की हातात किती येणार, अडकलं किती, आणि ते सोडवायला काय करायचं. सरकारी थाटात ‘पेमेंट थांबवण्यात आले आहे’ असं लिहायचा मोह होतो, पण त्यात थांबवणारा माणूस गायब होतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, आता कोणाशी बोलायचं? ‘थांबवून ठेवत आहोत’ म्हटलं की समोर एक माणूस उभा राहतो.

‘समाधानकारक बदली मिळेपर्यंत’ हा शब्दप्रयोग अनेक पत्रांत सर्रास दिसतो. तो टाळलेला बरा. समाधान कोणाचं, कधी, कोणत्या मापाने? विक्रेत्याला त्यात पैसे बुडवायची पळवाट दिसते. त्याऐवजी ‘पाच दिवसांत तपासणी, सात दिवसांत पैसे’ असं लिहिलं की खरेदीदारही बांधला जातो, आणि हेच त्या पत्रातलं सगळ्यात विश्वासाचं वाक्य ठरतं.

जीएसटीची रक्कम आधी देण्याची सक्ती नाही. अनेक कंपन्या ती देत नाहीत. पण फाउंड्रीने बिल फाडलं की त्यावरचा कर तिला पुढच्या महिन्यात सरकारात भरावा लागतो, गिऱ्हाइकाकडून पैसे आलेले असोत वा नसोत. छोट्या फाउंड्रीला स्वतःच्या खिशातून कर भरायला लावून वर मालाचे पैसेही थांबवले, तर कितीही विनम्र लिहिलं तरी त्याची झळ बसतेच. चौदा हजारांच्या आतल्या या रकमेने पत्राचा सूर बदलतो. उलट बाजूने एक बंधन खरेदीदारावरही आहे: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, आणि पैसे दिल्यावरच ते पुन्हा घेता येतं. म्हणजे ‘थांबवून ठेवलेलं’ पेमेंट वर्षभर तसंच पडू देणं परवडत नाही.

पत्रात नसलेल्या दोन गोष्टींबद्दलही सांगायला हवं. पहिली म्हणजे वाया गेलेली मजुरी. नऊ नगांच्या टर्निंगचे नगाला ८५ रुपये धरले, तर ७६५ रुपये होतात. ते कोणी सोसायचे, यावर फाउंड्री आणि मशिन शॉप यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या रस्सीखेच चालू आहे. पीओमध्ये तशी अट असेल तर ती मागावी, नसेल तर बोलून ठरवावी, पण बदली मालाच्या पत्रात ती घुसडू नये. पाऊण हजारावरून वाद पेटला, की सत्त्याहत्तर हजारांच्या मालाचं उत्तर लांबणीवर पडतं. दुसरी म्हणजे जुनी बिलं. ‘याचं मिटत नाही तोवर मागच्या महिन्याचंही देत नाही’ ही बाजारातली नेहमीची खेळी आहे. मागच्या महिन्याच्या मालावर हरकत नव्हती, तो स्वीकारला गेला आहे, त्याची मुदत स्वतंत्रपणे चालू आहे. एका बिलाची हरकत दुसऱ्या बिलाला लावता येत नाही, म्हणून पत्राच्या शेवटी ‘इतर बिले नेहमीप्रमाणे’ हे वाक्य.

उत्तर काय येईल? चांगल्या प्रसंगी दुसऱ्याच दिवशी ‘माणूस शुक्रवारी येतोय’ असा निरोप येतो. कधी मात्र ‘टूल बोथट असेल, तुमच्या सेटिंगमुळे झालं’ असं येतं. तिथे वाद घालण्याऐवजी नग दाखवावा. ब्लोहोलचा खळगा गोल आणि आतून गुळगुळीत असतो. आकसण्यातून झालेली पोकळी खडबडीत, दातेरी असते. टूलने पडलेली खूण फिरण्याच्या दिशेने ओरखड्यासारखी जाते. ओतकाम जाणणारा माणूस हे बघताच ओळखतो, म्हणून त्याचा माणूस येणं खरेदीदाराच्याच फायद्याचं. कधी ‘आधी पूर्ण पेमेंट करा, मग बदली पाठवतो’ असं येतं. त्यावर पत्राच्याच आधारे उत्तर द्यावं: ‘१,९१,८६८ रुपये आणि जीएसटी तारखेला येतोच आहे. पहिल्या गाडीत ६५ नग पाठवलेत तर तेवढे पास झाल्यावर तेवढ्यांचे पैसे लगेच सोडतो.’ टप्प्याटप्प्याने सोडायची तयारी दाखवली, की अविश्वासाची कोंडी बहुधा फुटते.

आणि काहीच उत्तर आलं नाही तर? ११ तारीख उलटली की १२ ला छोटी आठवण. त्यात नवा राग घालायचा नाही: ‘९ जूनच्या पत्राबाबत आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत. बदली नगांची तारीख कळली तर आम्हाला असेंब्लीचं नियोजन करता येईल. १८ जूनपर्यंत कळलं नाही, तर या १२९ नगांची गरज आम्हाला दुसरीकडून भागवावी लागेल आणि त्यांच्यापुरती क्रेडिट नोट आपल्याकडून लागेल.’ ही धमकी नाही. पुढे काय होणार याची ती आधी दिलेली कल्पना आहे, आणि त्यात समोरच्याला अजून वेळ आहे.

आपल्या उदाहरणात फाउंड्रीचा माणूस १३ तारखेला आला. त्याच्यासमोर १२० पैकी १० नग मशिन केले, चारांत ब्लोहोल निघाले. त्याने तिथूनच मालकाला फोन लावला आणि १२९ नग बदलायचं ठरलं. तिथल्या तिथे एका कागदावर तपासलेले नग, निकाल आणि बदलीची तारीख लिहून दोघांनी सह्या केल्या. असा संयुक्त तपासणीचा कागद पाच मिनिटांत होतो आणि नंतर कोणी नोकरी सोडली तरी टिकतो.

खराब कास्टिंग भंगारात टाकायची नसतात. फाउंड्रीला ती हवी असतात, कारण ती पुन्हा भट्टीत जातात. म्हणून बदली माल घेऊन जी गाडी पुण्याला आली, तीच परतीच्या वाटेने नाकारलेले १२९ नग कोल्हापूरला घेऊन गेली. वेगळं भाडं पडलं नाही. कागदपत्रांसाठी फाउंड्रीने १२९ नगांची ९१,३३२ रुपयांची क्रेडिट नोट काढली आणि बदली मालाचं नवं बिल केलं. खरेदीदाराने क्रेडिट नोटेप्रमाणे आपलं टॅक्स क्रेडिट तेवढं कमी केलं, नव्या बिलावर पुन्हा घेतलं, आणि ठरल्याप्रमाणे ३ जुलैला पाठवलेले १३,९३२ रुपये नव्या बिलात वळते केले. काही जण नुसत्या चलनावर बदली माल मागवतात. त्यात पुढे हिशेब जुळवताना त्रास होतो, म्हणून कोणती रीत वापरायची ते दोघांच्या सीएंशी बोलून आधीच ठरवावं. क्रेडिट नोट रेंगाळत ठेवूनही चालत नाही, कारण आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरनंतर तिच्या आधारे पुरवठादाराला कर कमी करून घेता येत नाही.

दोष उशिरा सापडला तर हे पत्र चालणार नाही. समजा हीट १७ मधला एखादा नग ऑगस्टमध्ये गळका निघाला. तोवर १५ दिवस उलटले आहेत, माल स्वीकारलेला आहे, बहुधा पैसेही दिलेले आहेत. तिथे ‘नाकारतो’ किंवा ‘पेमेंट थांबवतो’ असं लिहिणं कच्चं ठरतं. पण माल विक्री कायद्यात हमीचा भंग झाल्याबद्दल किंमत कमी मागायचा किंवा नुकसानभरपाई मागायचा मार्ग उरतोच. त्या पत्रात मग ‘नग बदलून द्यावा किंवा त्याची रक्कम पुढच्या बिलात वळती करून द्यावी’ अशी विनंती असते, आणि पुढच्या बिलातून परस्पर पैसे कापण्याआधी त्याचं लेखी उत्तर घेतलेलं बरं.

बदली माल २४ जूनला उतरला. २८ तारखेला तपासणी संपली: १२९ पैकी १२७ पास, दोन नगांना बाहेरच्या कडेला तडा. वर्कशॉपने त्याच दिवशी मेल केला, ‘९ जूनची आमची हरकत १२७ नगांपुरती आज दूर झाली. त्यांचे ७६,२०० रुपये ५ जुलैपर्यंत जमा करत आहोत. दोन नगांचे १,२०० रुपये तेवढे बाकी ठेवले आहेत, ते पुढच्या गाडीतल्या नगांबरोबर पाहू.’ पैसे ४ जुलैला गेले. टर्निंगच्या ७६५ रुपयांचा विषय फाउंड्रीच्या मालकाने पुढच्या ऑर्डरच्या वेळी आपणहून काढला आणि निम्मे द्यायचं कबूल केलं.